सुमनताई हरखल्या की हुरळल्या?

प्रश्न : "माझ्या कथेतल्या सुमनताई इंदूरच्या, रामबागेत राहणाऱ्या, नुकत्याच शाळेतून निवृत्त झालेल्या. प्रत्येक प्रसंगी मी 'त्यांना खूप आनंद झाला' असंच लिहितेय. शांत समाधान, एकदम उसळलेला आनंद आणि मनातल्या मनात साजरी केलेली खुशी, यांना वेगवेगळे शब्द सुचवाल?"

शांत समाधानापासून सुरुवात करू. 'समाधानी' म्हटलं की तो सुमनताईंचा स्वभाव झाला. एका संध्याकाळपुरतं हवं असेल तर 'समाधान वाटलं' लिहा. जुनी विद्यार्थिनी सराफ्यात भेटली आणि भर गर्दीत वाकून पाया पडली, तर 'सुमनताई सुखावल्या'. सुखावण्याला बाहेरून काहीतरी यावं लागतं : कुणाचा शब्द, स्पर्श, वाऱ्याची झुळूक. 'कृतार्थ' मात्र आयुष्यभराच्या कामाचा हिशेब लागला की वापरतात. निरोप समारंभात तो शोभेल, सराफ्यातल्या भेटीला जड होईल.

उसळत्या आनंदासाठी हरखणे आणि हुरळणे हे दोन शब्द जवळचे वाटतात, पण त्यांची अदलाबदल करू नका. नातवाचं पहिलं पत्र आलं आणि 'सुमनताई हरखून गेल्या', इथे लेखिका त्यांच्या बाजूने आहे, आनंद निर्मळ आहे. 'मंडळाच्या अध्यक्षांनी चार शब्द कौतुकाचे बोलताच सुमनताई हुरळून गेल्या' असं लिहिलंत की वाचक पुढच्या 'पण'ची वाट बघू लागतो. हुरळली मेंढी लांडग्याच्या मागे लागते, हे आपल्या कानात बसलंय ना! पुढे त्यांच्या गळ्यात गणेशोत्सवाची सगळी कामं पडणार असतील, तर हाच शब्द नेमका.

तिसरी छटा मला सर्वांत आवडते, कारण तिच्यात थोडा खट्याळपणा असतो. दिवाळीच्या चकल्यांवरून टोमणे मारणाऱ्या शेजारणीच्या चकल्या तेलात विरघळल्या. सुमनताई तोंडाने 'अगंबाई, मोहन जास्त झालं वाटतं' म्हणतात आणि 'आतून त्यांना उकळ्या फुटत असतात'. उकळ्या फुटायला चेहरा साळसूद ठेवावा लागतो. त्या उघड टाळ्या पिटू लागल्या तर हा वाक्प्रचार गेलाच. व्याकरणही सांभाळा : 'सुमनताई उकळ्या फुटल्या' नव्हे, 'सुमनताईंना'. त्यापेक्षा सौम्य हवं असेल तर 'मनात गुदगुल्या झाल्या'.

आता आपल्या इंदूरकरांची खास खोड. हिंदीच्या सवयीने आपण 'ती प्रसन्न झाली' लिहून जातो. मराठीत सकाळ प्रसन्न असते, चेहरा प्रसन्न असतो; पण प्रसन्न 'होतो' तो देव, आणि लगेच वर मागायला सांगतो. पगारवाढ मिळालेली सून प्रसन्न झाली तर वाचकाला हसू येईल. तिला सरळ 'खूश झाली' म्हणा. पण सुमनताईंच्या तोंडी, संवादात, 'साहेब एकदम प्रसन्न झाले हो' असं आलं, तर ते खुशाल ठेवा.