सीलबंद डिस्क, उघडी उधारी

‘स्ट्रीमिंगच्या ३ वर्गण्या बंद करून घरी चित्रपटांच्या डिस्क जमवाव्यात का? सध्या ६० आहेत. त्यातल्या ४० मर्यादित आवृत्त्यांचं सील फोडलेलं नाही. दहा वर्षांत भाव तिप्पट होईल, असं विक्रेता म्हणाला. त्या क्रेडिट कार्डावर घेतल्या. व्याज महिन्याला ३ टक्के, पण किमान रक्कम मी दरमहा न चुकता भरते.’

वर्गण्यांचं नंतर बघू. आधी कार्ड. किमान रक्कम भरल्याने दंड टळतो, व्याज नाही. थकलेल्या दर १०० वर महिन्याला ३, म्हणजे वर्षाला ३६. आता विक्रेत्याचा शब्द अगदी खरा धरा. दहा वर्षांत तिप्पट म्हणजे वर्षाला जेमतेम साडेअकरा टक्के. तेवढे मिळतील या आशेवर तुम्ही ३६ देताय!

आणि ते तिप्पट देणार कोण? ज्याला माल खपवायचाय त्यानेच त्याला गुंतवणूक म्हणावं, याचा मला संताप येतो. भाव चढतो तो चित्रपट दुसरीकडे मिळत नाही तोवर. उद्या मूळ निगेटिव्हवरून नव्याने केलेली प्रत बाजारात आली, की जुनीला कोण विचारतंय?

शिवाय सीलच्या आत काय आहे, हे तुम्हालाही माहीत नाही. डिस्कचे थर नीट चिकटलेले नसले की आतला परावर्तक थर हळूहळू खराब होतो, आणि हे बरेचदा कडेकडून सुरू होतं. वाचन मध्यापासून कडेकडे जातं आणि दुसऱ्या थरावर कडेकडून परत आत येतं. म्हणून अशी दोन थरांची डिस्क सुरुवातीला छान चालते आणि चित्रपटाच्या मध्यावर अडकते. दहा मिनिटं लावून हे कळत नाही, आणि सील फोडेपर्यंत बदलून मिळायची मुदत संपलेली असते.

त्या ४० पैकी खरंच बघाल अशा १० ठेवा. त्या या महिन्यातच उघडून शेवटपर्यंत बघा. बाकीच्या ३० मिळेल त्या भावाला विका आणि ते पैसे थेट कार्डात भरा. तोटा होईल. व्याजापुढे तो लहान आहे.

आता वर्गण्या. एक ठेवा, दोन बंद करा. एकदाच बघायचं ते स्ट्रीमिंगवर, पुन्हा पुन्हा बघायचं ते डिस्कवर. फोरके चित्र स्ट्रीमिंगवर सेकंदाला साधारण १५ ते २५ मेगाबिटने येतं, डिस्कवर बरेचदा ५० च्या वर. अंधारी दृश्यं, धुकं, धूर यांत हा फरक डोळ्यांना दिसतो. आवाजही काटछाट न केलेला मिळतो. आणि करार संपला म्हणून तुमच्या कपाटातला चित्रपट कुणी काढून नेत नाही. संग्रहाचा नफा तो हा, आणि तो सील फोडल्यावरच हाती येतो.

एक डिस्क तीन महिन्यांच्या वर्गणीइतकी धरली, तर बंद केलेल्या दोन वर्गण्यांत वर्षाला ८ डिस्क बसतात. फक्त कार्ड शून्यावर येईपर्यंत त्या आठांचे पैसेही कार्डातच जाऊ द्या.