‘रेंजिंग’ला काय म्हणावं? मर्यादा, पल्ला की मुभा?

“सिम्प्लेक्सच्या शेवटच्या तक्त्यावरून उद्दिष्टफलातल्या सहगुणकाचं ‘रेंजिंग’ करतात, त्याला मराठीत काय म्हणावं? मी टिपणात ‘सहगुणकाची मर्यादा’ लिहिलंय. पुढे ‘या मर्यादेत उत्तर बदलत नाही’ असं लिहिलं, तर मैत्रीण म्हणते, ‘उत्तर’ नको, ‘बेसिस’ लिही. दोन्ही एकच ना?”

मैत्रिणीचं बरोबर आहे, पण ते नंतर. आधी ‘मर्यादा’ खोडा. शब्द वाईट नाही, पण या विषयात त्याची जागा आधीच भरलेली आहे. ‘अमुक इतक्याहून जास्त नको’ अशा ज्या अटी गणितात असतात, त्यांनाच आपण मर्यादा म्हणतो. तुमचं वाक्य वाचणाऱ्याला अटींच्या उजव्या बाजूचे आकडे हलवताय की उद्दिष्टफलातला सहगुणक, हे कळणार नाही. या दोन्ही निरनिराळ्या चौकश्या आहेत आणि त्यांची रीतही वेगळी आहे.

‘व्याप्ती’ मला जड वाटतो, त्यात पसरण्याचा भाव आहे. ‘पल्ला’ चांगला. तोफेचा पल्ला म्हणजे गोळा कुठवर पोचतो ते. इथेही सहगुणक कुठून कुठवर गेला तरी चालेल, तेच विचारायचं असतं. म्हणून क्रियेला मी ‘पल्ला काढणे’ म्हणेन. पण एका बाजूला किती जागा आहे ते सांगायचं असेल तेव्हा ‘मुभा’ हा शब्द हाताशी ठेवा. एक्सेलच्या सॉल्व्हरच्या अहवालात `Allowable Increase` आणि `Allowable Decrease` असे दोन रकाने येतात. त्यांना ‘वाढीची मुभा’ आणि ‘घटीची मुभा’ म्हटलं की वेगळं समजवावं लागत नाही. ध्यानात एवढंच ठेवायचं की त्या रकान्यांत टोकाचा आकडा नसतो, आत्ताच्या आकड्यापासून टोकापर्यंतचं अंतर असतं.

आता ‘बेसिस’. त्यासाठी एक छोटं गणित घेऊ, कारण शब्दाचा घोळ तक्ता समोर ठेवल्याशिवाय सुटत नाही.

```
Z = 7x + 5y + 7w   (max)
2x + y +  w <= 12
 x + y + 2w <= 9
x, y, w >= 0
```

दोन मर्यादांना `s` आणि `t` हे शिल्लक चल जोडून सिम्प्लेक्स चालवलं की शेवटचा तक्ता असा येतो:

```
Z      +  w + 2s + 3t = 51
    x  -  w +  s -  t = 3
    y  + 3w -  s + 2t = 6
```

म्हणजे `x` ३, `y` ६, `w` शून्य आणि `Z` ५१. या तक्त्यात `x` आणि `y` यांना स्वतःची ओळ आहे. ही दोन नावं म्हणजे बेसिस. त्यात आकडे नाहीत, फक्त नावं आहेत. मराठीत ‘आधार’ किंवा ‘पाया’ म्हणतात, आणि मला ‘पाया’ आवडतो. एकच अडचण अशी की ‘पाया बदलला’ म्हटलं की इमारत कोसळल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात एक नाव उठतं आणि दुसरं त्याच्या जागी बसतं, बस्स.

समजा `x` चा सहगुणक ७ ऐवजी ७ + Δ झाला. मर्यादांना हातच लावलेला नाही, त्यामुळे खालच्या दोन ओळी जशाच्या तशा राहतात. बिघडते ती फक्त `Z` ची ओळ: तिच्यात `x` खाली –Δ येऊन बसतो. पायातल्या चलाखाली त्या ओळीत शून्यच हवं, म्हणून `x` ची ओळ Δ ने गुणून वरच्या ओळीत मिळवायची.

```
Z + (1 - Δ)w + (2 + Δ)s + (3 - Δ)t = 51 + 3Δ
```

सगळं रेंजिंग या एका ओळीत आहे. पाया इष्टतम राहायचा तर तिन्ही कंसांत ऋण आकडा येता कामा नये. पहिला कंस सांगतो की Δ १ पेक्षा जास्त नको, दुसरा सांगतो –२ पेक्षा कमी नको, तिसरा ३ पर्यंत मोकळीक देतो. वाढीच्या बाजूला दोन अटी आल्या, त्यांतली जवळची धरायची, म्हणजे १. तेव्हा वाढीची मुभा १, घटीची २ आणि पल्ला ५ ते ८. पुष्कळ जण फक्त शिल्लक चलांचे रकाने बघतात आणि `w` ला विसरतात, कारण त्याची किंमत शून्य असते. इथे तसं केलं असतं तर पल्ला १० पर्यंत गेला असता. पायाबाहेरचं कुठलंही चल आत यायला टपलेलं असू शकतं, आणि इथे सर्वांत जवळ टपलेलं `w` च आहे.

सहगुणक नेमका ८ झाला की `w` खाली शून्य येतं. त्या क्षणी दोन कोपरे बरोबरीत असतात: (३, ६, ०) वर २४ + ३० म्हणजे ५४, आणि (५, ०, २) वर ४० + १४ म्हणजेही ५४. आठाच्या पुढे गेलो की `w` आत येतो. बाहेर कोण जाणार ते नेहमीच्या भागाकाराने ठरतं. `x` च्या ओळीत `w` चा सहगुणक ऋण आहे, म्हणून ती सोडायची. `y` च्या ओळीत ६ भागिले ३, म्हणजे २. तेव्हा `y` उठतो, `w` २ होतो आणि `x` वाढून ५ होतो. सहगुणक ९ असेल तर जुना कोपरा ५७ देतो, नवा ५९. दुसऱ्या टोकाला, ५ च्या खाली, `s` आत येतो आणि `x` बाहेर जातो. मग सगळं `y` वर: (०, ९, ०).

चिन्हांची चूक पकडायलाही हीच बरोबरी कामाला येते. काही जण `Z` ची ओळ उलट्या चिन्हांनी लिहितात. दोन्ही रीती मिसळल्या तर कंस `1 + Δ`, `2 - Δ`, `3 + Δ` असे होतात आणि पल्ला ६ ते ९ येतो. हाही ७ च्या दोन्ही बाजूंना आहे, त्यामुळे नजरेला खटकत नाही. पण ९ वर दोन कोपरे ५७ आणि ५९ देतात, बरोबरी होत नाही. टोकावर बरोबरी नसेल तर टोक चुकलंय.

आता तुमच्या ‘उत्तर बदलत नाही’कडे. ‘उत्तर’ म्हणजे ५१ असेल तर वाक्य सरळ चूक आहे. वरची ओळ पाहा, उजवीकडे ५१ + 3Δ आहे. पल्ल्याच्या आतही `Z` दर एककाला ३ ने हलत राहतो, कारण `x` ची किंमत ३ आहे. आठाच्या पुढे १४ पर्यंत तो ५ ने चढतो, पाचाच्या खाली जागचा हलत नाही. ‘उत्तर’ म्हणजे `x`, `y`, `w` च्या किमती असतील तर वाक्य बरोबर आहे. पण मग ‘उत्तर’ न लिहिता ‘आराखडा’ लिहा, म्हणजे वाचणारा ५१ कडे बघणार नाही.

शिवाय हा पल्ला एका वेळी एकाच सहगुणकाचा असतो. `y` चा पल्ला याच रीतीने काढला तर ४⅔ ते ७ येतो. आता `x` चा सहगुणक ७.९ आणि `y` चा ४.७ करा. दोन्ही आपापल्या पल्ल्यात आहेत. तरी `w` खाली १ – ०.९ – ०.९, म्हणजे –०.८ येतं आणि पाया टिकत नाही. म्हणून ‘सहगुणकांचे पल्ले’ असं अनेकवचन लिहाल तिथे ‘बाकीचे स्थिर धरून’ हे शब्द गाळू नका.

`w` सारख्या पायाबाहेरच्या चलाचा पल्ला मात्र चुटकीसरशी निघतो. त्याचा सहगुणक बदलला तर फक्त त्याच्याच खालचा आकडा बदलतो. वाढीची मुभा १, आणि घटीला सीमा नाही: जे चल आधीच आराखड्यात नाही, त्याचा सहगुणक आणखी घटवून काय बिघडणार? एक्सेल तिथे `1E+30` दाखवतं. तो त्याचा अनंत आहे, खरी किंमत समजू नका. असा एकतर्फी पल्ला दिसला की ‘मुभा’ या शब्दाचं काम कळतं. ‘घटीला पूर्ण मुभा’ सहज म्हणता येतं, ‘अनंत पल्ला’ ऐकायला विचित्र लागतं.

राहिला ‘पाया’ आणि ‘आराखडा’ यांच्यातला फरक. वरच्या गणितात दोन्ही एकदमच बदलले, म्हणून ते एकच वाटतात. पहिल्या मर्यादेतले १२ काढून ९ लिहा. `Z` च्या ओळीतले १, २, ३ उजव्या बाजूच्या आकड्यांवर अवलंबून नसतात, ते तसेच राहतात. पल्लाही ५ ते ८ च राहतो. पण आता `x` शून्य आणि `y` ९ आहे. `x` पायात बसलाय, पण रिकाम्या हाताने. सहगुणक ५ च्या खाली ४ वर आणा. `s` आत येतो, `x` बाहेर जातो, आणि आराखडा (०, ९, ०) होता तसाच राहतो. पाया बदलला, आराखडा नाही. म्हणजे ‘पल्ल्यात आराखडा बदलत नाही’ हे खरं, पण ‘पल्ल्याबाहेर बदलतो’ हे त्याच्यावरून निघत नाही.

गंमत म्हणजे याच कोपऱ्याला `y` आणि `w` यांचा दुसरा पायाही आहे, `w` शून्य धरून, आणि ७ या सहगुणकाला तोही इष्टतम आहे. त्याच्या तक्त्यात `x` पायाबाहेर असतो आणि त्याच्या खाली १ येतो. म्हणजे वाढीची मुभा १ च, पण घटीला सीमा नाही. गणित तेच, आराखडा तोच, आणि एका तक्त्यातून पल्ला ५ ते ८ निघतो तर दुसऱ्यातून ‘८ पर्यंत कितीही’. दोन जणांचे पल्ले जुळले नाहीत तर भांडण्याआधी दोघांनीही आपापल्या तक्त्यात पायातलं एखादं चल शून्यावर आहे का ते पाहावं. आणि तुमच्या टिपणात वाक्य असं करा: ‘बाकीचे सहगुणक स्थिर धरले, तर `x` चा सहगुणक ५ ते ८ या पल्ल्यात असेपर्यंत हाच पाया इष्टतम राहतो.’