'ॲलिलिक' म्हणजे लसणाचं, आणि रेणू डोलत नाही

प्रश्न : "१-ऑक्टीनवर एनबीएस वापरलं की ॲलिलिक ब्रोमीनीकरण होतं, आणि संस्पंदनामुळे मिश्रण मिळतं, असं सर म्हणाले. 'ॲलिलिक' हा शब्द कुठून आला? आणि संस्पंदन म्हणजे मूलक दोन रूपांमध्ये डोलत राहतो, असंच ना?"

नाही, डोलत नाही. हे डोलणं क्लासच्या नोट्समधून इतक्या वेळा ऐकलंय, की आता कान किटले. पण आधी लसूण.

लॅटिनमध्ये लसणाला 'आलियुम' म्हणतात. १८४४ साली थिओडोर वर्थहाइम या रसायनज्ञानं लसणाच्या तेलाचा अभ्यास केला. तेलातल्या गंधकाला जोडलेला जो कार्बनी गट त्याला दिसला, त्याचं नाव त्यानं 'ॲलिल' ठेवलं. त्यातला 'इल' ग्रीक 'हुले'वरून आलेला. हुले म्हणजे मुळात लाकूड, आणि तत्त्वज्ञांच्या हाती पडल्यावर 'द्रव्य'. लीबिग आणि वोलर यांनी १८३२ मध्ये 'बेंझॉइल' हे नाव बनवताना हा प्रत्यय रसायनशास्त्रात आणला. म्हणजे ॲलिल शब्दशः 'लसणाचं द्रव्य', आणि हट्टच धरला तर 'लसणाचं लाकूड'. एनबीएस म्हणजे एन-ब्रोमोसक्सिनिमाइड, त्यातलं 'सक्सिन' तर 'सुकिनुम'वरून, म्हणजे अंबर नावाच्या खनिज राळेवरून आलं, कारण सक्सिनिक आम्ल पहिल्यांदा अंबर तापवून मिळवलं गेलं. 'ब्रोमीन' ग्रीक 'ब्रोमोस'वरून, म्हणजे दुर्गंध. राळेवर बसवलेला दुर्गंध लसणाच्या जागी नेऊन ठेवायचा, एवढीच ही अभिक्रिया! पाठ्यपुस्तकांत हे एका ओळीतही का येत नाही, देव जाणे.

लसणापासून तुमच्या प्रश्नापर्यंतचा धागा असा. CH₂=CH–CH₂– हा तो गट. त्यातला शेवटचा, दुहेरी बंधाच्या *शेजारचा* कार्बन म्हणजे ॲलिलिक स्थान. दुहेरी बंधातल्या कार्बनला ॲलिलिक म्हणणं चूक आहे, तो व्हायनिलिक. १-ऑक्टीनमध्ये ॲलिलिक कार्बन एकच, तिसरा. तिथला हायड्रोजन काढायला मोलमागे सुमारे ३७० किलोज्यूल पुरतात. साखळीतल्या साध्या कार्बनवर ४०० च्या आसपास लागतात, आणि व्हायनिलिक कार्बनवर ४६० च्या घरात. ब्रोमीनचा अणू निवडक असतो, म्हणून तो सोपा हायड्रोजन उचलतो.

मग थेट ब्रोमीनच का ओतत नाहीत? कारण भरपूर ब्रोमीन असलं तर ते दुहेरी बंधावरच चढून बसतं. एनबीएस हे ब्रोमीनचं कोठार आहे. अभिक्रियेत तयार होणारं HBr एनबीएसला भेटलं की ब्रोमीनचा एक रेणू सुटतो आणि लगेच वापरला जातो. त्यामुळे मिश्रणात ब्रोमीन सतत अगदी थोडं राहतं आणि बंधावरची बेरीज मागे पडते. वोल यांनी १९१९ मध्ये ब्रोमोॲसिटामाइड वापरून या पद्धतीची सुरुवात केली होती, आणि त्सीग्लर यांनी १९४२ मध्ये एनबीएस आणून तिला घडी बसवली. काही जुनी पुस्तकं अजून सांगतात की हायड्रोजन काढण्याचं काम सक्सिनिमाइडचा मूलक करतो. ही चाळीसच्या दशकातली समजूत आहे. गोल्डफिंगर आणि सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये ब्रोमीनचा अणू हायड्रोजन काढतो अशी साखळी-अभिक्रिया मांडली, आणि कार्बन टेट्राक्लोराइडसारख्या द्रावकात तीच आज मान्य आहे. पुस्तक जुनं असणं हा काही पुरावा नव्हे.

आता डोलण्याकडे. तिसऱ्या कार्बनवरचा हायड्रोजन गेला की तिथे एक सुटा इलेक्ट्रॉन उरतो. शेजारी दुहेरी बंध असल्यामुळे तो इलेक्ट्रॉन पहिल्या आणि तिसऱ्या कार्बनवर *एकाच वेळी* पसरलेला असतो. आपण कागदावर दोन चित्रं काढतो ती लेखणीच्या अडचणीमुळे. मूलक एकच. नरसिंह काही एका क्षणी नर आणि दुसऱ्या क्षणी सिंह होत नव्हता. (उपमा पुरती बसत नाही हे मान्य. नरसिंहाचं डोकं सिंहाचं आणि धड माणसाचं. इथे तसे भाग पाडता येत नाहीत.)

खापर मी शब्दावरच फोडेन. १९२६ मध्ये हायझेनबर्गनं हेलियमच्या गणितात एकमेकांना जोडलेल्या आंदोलकांचं साम्य वापरलं, आणि तिथला 'रेझोनन्स' पॉलिंगनं रसायनशास्त्रात रुजवला. आपण त्याचं कुठे संस्पंदन केलं, कुठे अनुस्पंदन, आणि दोन्हींत स्पंदन घुसवलं! मग विद्यार्थ्याला रेणू डोलताना दिसला तर दोष कुणाचा? इन्गोल्डनं 'मेसोमेरिझम' शब्द सुचवला होता. मेसोस म्हणजे मधला. खरी रचना कागदावरच्या चित्रांच्या मधली, हे त्यात सरळ सांगितलेलं आहे. मराठीत 'मध्यरूपता' म्हटलं असतं तर हा प्रश्न आलाच नसता. कोशकारांना हा शब्द ओबडधोबड वाटेल, वाटू दे.

हो, मिश्रणाचं राहिलं. सायक्लोहेक्झीनमधून होणाऱ्या मूलकाची दोन्ही टोकं सारखी, म्हणून ब्रोमीन कुठेही लागलं तरी पदार्थ एकच. ऑक्टीनच्या मूलकाची टोकं विषम आहेत. पहिल्या कार्बनवर दोन हायड्रोजन आहेत, तिसऱ्यावर पाच कार्बनची शेपटी. छापील आकडे असे : ३-ब्रोमो-१-ऑक्टीन १७ टक्के, १-ब्रोमो-२-ऑक्टीन ८३ टक्के. मोकळ्या टोकाला गर्दी कमी, आणि तिथे ब्रोमीन लागल्यावर दुहेरी बंध साखळीच्या आत जातो, जिथे तो अधिक स्थिर असतो. या ८३ मध्येही ट्रान्स आणि सिस असे दोन प्रकार जवळजवळ निम्मे-निम्मे आहेत. म्हणजे 'संस्पंदनामुळे मिश्रण' हे अर्धंच वाक्य झालं. संस्पंदन दोन दारं उघडतं. कुठल्या दारातून किती जातील हे टोकांचा विषमपणा ठरवतो.

करून बघणाऱ्यांसाठी : जुन्या पद्धतीत द्रावक कार्बन टेट्राक्लोराइड असे. त्यात एनबीएस तळाला बसतं आणि संपत आलं की सक्सिनिमाइड वर तरंगतं, त्यावरून शेवट कळायचा. हा द्रावक विषारी, शिवाय ओझोनच्या थराला घातक, म्हणून आता ट्रायफ्लुओरोटोल्यूइनसारखे पर्याय घेतात. ऑक्टीन थोडं जास्त ठेवा, नाहीतर दुसरा ब्रोमीनही चिकटतो. भांडं कोरडं हवं, पाणी असेल तर ब्रोमोहायड्रिन होतो.

प्रमाण प्रोटॉन एनएमआरवर मोजतात, आणि तिथे हमखास चूक होते. ब्रोमीनच्या कार्बनवरचा हायड्रोजन ३-ब्रोमोमध्ये ४.५ पीपीएमच्या आसपास दिसतो, १-ब्रोमोमध्ये ४ च्या आसपास. पण पहिल्यात तो एक, दुसऱ्यात दोन. १७ आणि ८३ असेल तर क्षेत्रफळं १७ आणि १६६ अशी येतात. दोनानं भागायला विसरलात तर ३-ब्रोमो नऊ टक्केच आहे असं वाटेल. आणि हे मोजणं ऊर्ध्वपातनाच्या आधी करा. ॲलिलिक ब्रोमाइडं उष्णतेनं आणि उरल्यासुरल्या HBr नं एकमेकांत बदलतात, त्यामुळे नंतर मोजलेला आकडा मूलकाच्या निवडीबद्दल काही सांगत नाही.