क्रॉस रेट: येनच्या गणितात बिडला बिडने भागून चालत नाही

प्रश्न: "सर, युरो-रुपया काढताना बिडला बिडने आणि ऑफरला ऑफरने गुणलं की उत्तर जुळतं. येन-रुपयाला तसंच भागलं तर चुकतं. का? आणि रुपये देऊन येन घेतले, ते परत विकले, तर नेमका खर्च किती धरायचा?"

क्रॉस रेट म्हणजे दोन चलनांचा डॉलरमधून फिरून काढलेला भाव. सूत्र पाठ करू नका, पैसा कुठून कुठे जातो ते बघा. सोयीचे आकडे घेतो, आजचे नाहीत: USD/INR 84.00/84.02 आणि USD/JPY 150.00/150.03. दोन्हीकडे भाव एका डॉलरचा आहे. डावा भाव बिड, म्हणजे बँक डॉलर घेते तो. उजवा ऑफर, म्हणजे बँक डॉलर देते तो.

तुम्हाला येन हवे आहेत. आधी रुपये देऊन डॉलर घ्याल, तो 84.02 ला मिळेल. मग तो डॉलर विकून येन घ्याल, आणि डॉलर विकताना बँकेचा बिड लागतो, 150.00. म्हणजे शंभर येनला 56.0133 रुपये पडले, ही झाली ऑफर. उलट दिशेने या: येन देऊन डॉलर घेताना 150.03, डॉलर विकून रुपये घेताना 84.00. शंभर येनचे 55.9888 रुपये हातात येतात, हा बिड. (येनचा भाव आपल्याकडे शंभराला सांगतात, ते सोडलं की उत्तरात दोन शून्यांचा घोळ होतो.)

युरोला गुणाकार सरळ जमतो, कारण EUR/USD मध्ये भाव युरोचा असतो. युरो घेताना आधी डॉलर घ्यायचा आणि मग त्या डॉलरने युरो घ्यायचा, म्हणजे दोन्ही वेळा ऑफरच. येनमध्ये डॉलर एकदा घेतो आणि एकदा विकतो, म्हणून बाजू तिरकी होते.

चूक ओळखायची कशी? फरकाकडे बघा. तुमच्या पद्धतीने बिड 56.0000 आणि ऑफर 56.0021 येते, म्हणजे शंभर येनमागे फरक फक्त 0.0021. खरा फरक 0.0245 आहे. दोन बाजारांतून फिरून काढलेल्या भावाचा फरक टक्क्यांत मोजला तर दोन्ही फरकांच्या बेरजेइतका यायला हवा: डॉलर-रुपयाचे 0.024 टक्के, डॉलर-येनचे 0.020, आणि येन-रुपयाचे 0.044. तो बेरजेहून कमी दिसला की कुठेतरी चुकीची बाजू उचललीय.

डीलिंग रूममध्ये नवा असताना हीच चूक मी केली होती. गिऱ्हाईक दहा कोटी येन घेणार होतं आणि मी 56.0021 सांगून बसलो. कव्हर घ्यायला, म्हणजे तेवढे येन बाजारातून उचलायला गेलो तर 56.0133. शंभर येनमागे सव्वा पैसाही नाही, पण दहा कोटींत दहा लाख शेकडे असतात, म्हणजे 11,200 रुपये खिशातून. वरिष्ठ काही बोलले नाहीत, फक्त कॅल्क्युलेटर माझ्याकडे सरकवला.

आता जाऊन येण्याचा खर्च. तो बिड भागिले ऑफर, आणि उत्तर एकातून वजा. वरच्या भावांना 0.044 टक्के, म्हणजे लाखाला 44 रुपये. पण हे बँकांमधले भाव आहेत. प्रवासी काउंटरवर नोटा घेतो तेव्हा चित्र वेगळंच असतं. समजा बोर्डावर शंभर येनला खरेदी 53.50 आणि विक्री 58.50 आहे. 50,000 रुपयांचे 85,470 येन मिळतील. सहल रद्द झाली आणि तेच परत केले तर 45,726 रुपये येतील. 4,274 रुपये, म्हणजे साडेआठ टक्के, कमिशन न घेता गेले. 'झिरो कमिशन'ची पाटी खोटी नसते, फक्त कमाई भावात बसवलेली असते. शिवाय जीएसटी: एक लाखापर्यंतच्या व्यवहारात रकमेचा एक टक्का (किमान 250 रुपये) हे सेवेचं मूल्य धरून त्यावर 18 टक्के. इथे जाताना 90 रुपये, येताना 82.

इथे एक चूक बऱ्याच जणांची होते: 58.50 ची तुलना मधल्या भावाशी, म्हणजे साधारण 56.00 शी करून 'साडेचार टक्के जास्त लावले' म्हणतात. ते एका बाजूचं झालं. उरलेल्या नोटा परत देणार असाल तरच दुसरी बाजू मोजा, आणि तीही फक्त उरलेल्या रकमेवर.

इथून डॉलर नेऊन तिथे येन घ्यावेत का, हेही याच पद्धतीने तपासता येईल. काउंटरवर डॉलर 85.50 ला मिळाला तर 50,000 चे 584.80 डॉलर. तिकडच्या खिडकीवर डॉलरला 147 येन मिळाले तर 85,965 येन, म्हणजे थेट घेण्यापेक्षा जेमतेम 495 जास्त. तोच भाव 146 झाला तर 85,380, आणि थेट व्यवहार बरा.

एक मर्यादा मात्र लक्षात असू द्या. युरो-येनसारख्या जोड्यांत थेट भाव देणारे भरपूर असतात, तिथे थेट फरक काढलेल्या फरकापेक्षा अरुंद असू शकतो. पण थेट बिड काढलेल्या ऑफरच्याही वर दिसला, तर फुकटचा नफा दिसतोय असं समजून उडी मारू नका. आधी दोन्ही भावांची वेळ बघा. बहुतेक वेळा एक भाव जुना निघतो.