कोरिलेशनचा तक्ता: रिजेक्शनचा खाना हिरवा कसा?

*प्रश्न: आमची उद्यमबागेत छोटी फौंड्री आहे. दोन वर्षांचे महिनावार आकडे (टन, वीज, ओव्हरटाइम, रिजेक्शन टक्के, विक्री, थकलेलं येणं) एक्सेलमध्ये घालून कोरिलेशनचा तक्ता काढला, रंगही दिले. अर्धा हिरवा, अर्धा लाल आलाय. यातून वाचायचं काय?*

कोरिलेशन म्हणजे दोन मापं किती सोबत हलतात ते -1 ते 1 मध्ये सांगणारा आकडा; शून्य म्हणजे संबंध नाही. आधी रंग बदला. एक्सेलचा तयार हिरवा-पिवळा-लाल पट्टा तुमच्या तक्त्यातला सगळ्यात लहान आकडा घेतो आणि त्याला लाल करतो. तो आकडा ०.१ असला तरी लाल, म्हणजे ज्या जोडीत काहीच संबंध नाही ती धोक्याची वाटते. उलट रिजेक्शन आणि ओव्हरटाइम सोबत वाढत असतील तर तो खाना हिरवागार दिसतो! आमच्या फौंड्रीच्या मालकांनी तो बघून "हे बरं आहे की" म्हटलं होतं.

Conditional Formatting → Color Scales → More Rules इथं जा, 3-Color Scale निवडा, तिन्ही ठिकाणी Type म्हणून Number ठेवा आणि किमती -1, 0, 1 अशा हातानं घाला. रंग निळा, पांढरा, नारिंगी. शून्य पांढरं झालं की तक्ता एकदम शांत होतो, कारण बहुतेक खाने फिकेच असतात. आकडे Data Analysis मधून काढले असतील तर एक लक्षात ठेवा: नवीन महिना घातला तरी ते बदलत नाहीत. त्यापेक्षा प्रत्येक जोडीला सूत्र द्या, आणि नवीन महिना खाली जोडला की त्यातला 25 वाढवून 26 करा:

```
=CORREL($B$2:$B$25,$D$2:$D$25)
```

आता वाचन. सहा मापं म्हणजे १५ जोड्या. २४ महिन्यांच्या आकड्यांवर साधारण ०.४ च्या आतलं काही असलं तर मी बघतच नाही, ते योगायोगानंही येतं. १५ जोड्यांत एखादी योगायोगानं ०.४ ओलांडूनही जाते, म्हणून काठावरच्यांवर फार जीव टाकू नका.

सगळ्यात गडद खाना बहुधा टन आणि विजेचा असेल. आमचा ०.९६ होता. त्यात नवल काय? इंडक्शन भट्टीत लोखंड वितळवायला वीज लागते, टन वाढले की युनिट वाढणारच. विक्री आणि टन यांचंही तसंच. हे खाने नवीन काही सांगत नाहीत. पण ०.९६ ऐवजी ०.६ आला असता तर मात्र मीटरचं रीडिंग आणि टनाची नोंद एकाच महिन्याची आहे का ते तपासलं असतं. बिल कधी कधी महिन्याच्या मधल्या तारखेला निघतं आणि उत्पादन १ तारखेपासून मोजतात, इथंच बहुतेक घोळ होतो.

खरी गंमत तिसऱ्या खान्यात होती. ओव्हरटाइमचे तास आणि रिजेक्शन टक्के, ०.७१. सरळ निष्कर्ष कुणीही काढेल: दमलेले कामगार माल बिघडवतात, ओव्हरटाइम बंद करा. मी तसं लिहून ठेवलंही होतं. मग दोन्हींचा Scatter चार्ट काढला, आणि वर उजव्या कोपऱ्यात सहा ठिपके वेगळेच बसलेले दिसले. कुठले महिने म्हणून पाहिलं, तर दोन्ही वर्षांचे जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर.

आपल्याकडचं तुम्हाला सांगायला नको. भाताची लावणी आली की आजूबाजूच्या गावांतली निम्मी पोरं शेतावर जातात, राहिलेल्यांवर ओव्हरटाइम पडतो. त्याच महिन्यांत पाऊस असतो, आमची मोल्डिंगची वाळू शेडच्या कडेला उघडीच पडलेली असायची, आणि ओल जास्त झाली की ओतताना वाफ होऊन कास्टिंगला ब्लोहोल येतात. म्हणजे ओव्हरटाइम आणि रिजेक्शन यांचा एकमेकांशी थेट संबंध असण्यापेक्षा दोन्ही पावसाळ्याला बांधलेले होते. ते सहा महिने काढून तेच CORREL उरलेल्या १८ महिन्यांवर चालवलं, तर ०.७१ चं ०.१८ झालं. १८ आकड्यांवर ०.१८ म्हणजे काहीच नाही.

खात्री म्हणून रिजेक्शनच्या नोंदवहीतली कारणं चाळली. पावसाळ्यात ब्लोहोल भरपूर, उरलेल्या वर्षात मुख्यतः वाळू पडणं आणि साचा सरकणं. कारणवार नोंद ठेवत नसाल तर आजपासून ठेवा, कारण तक्ता इथपर्यंतच नेतो, पुढचं वहीतूनच कळतं.

तुमच्या तक्त्यातही गडद खाना दिसला की आधी Scatter काढा आणि बाजूला पडलेले ठिपके कुठल्या महिन्यांचे ते बघा. दिवाळीतही सुट्टीमुळे टन, वीज, विक्री सगळंच एकदम खाली येतं, आणि त्या एक-दोन महिन्यांमुळे बाकीच्या जोड्याही घट्ट दिसायला लागतात.

आम्ही वाळूवर पत्र्याचं छप्पर घातलं आणि पावसाळ्यात रोज सकाळी ओल मोजायला लागलो. ओव्हरटाइम तसाच चालू आहे.