पत्र हाती आले, तरी ठराव पाहा

वरूड तालुक्यातील ज्या संत्रा प्रक्रिया कंपनीत तुम्ही कायम नोकरीत आहात, ती खासगी मर्यादित असल्याने ठरलेल्या भावाने कंपनीचे समभाग विकत घेण्याचे पर्याय, म्हणजे ईसॉप, मिळाल्याचे केवळ मालकांच्या सहीचे पत्र पुरेसे नाही. कंपनी कायदा, 2013 च्या कलम 62 नुसार भागधारकांच्या सभेने योजना मंजूर करावी लागते, म्हणून त्या ठरावाची प्रत आधी मागून घ्या. पर्याय दिल्यापासून वेस्टिंगपर्यंत, म्हणजे ते वापरण्याचा हक्क मिळेपर्यंत, किमान एक वर्ष जावेच लागते. प्रवर्तकांना हा लाभ एरवी मिळत नाही. मान्यताप्राप्त स्टार्टअपला त्यात सवलत आहे.

समजा, 1 जुलै 2024 रोजी 400 पर्याय मिळाले, दरवर्षी 100 वेस्ट होणार आणि भाव 50 रुपये ठरला. पहिले 100 पर्याय 1 जुलै 2025 रोजी वेस्ट झाले, तरी ते वापरून पैसे भरेपर्यंत तुम्ही भागधारक नाही. मत नाही, लाभांशही नाही. राजीनामा दिलात तर त्या दिवसापर्यंत वेस्ट न झालेले पर्याय रद्द होतात.

खरी अडचण पुढे आहे. 5,000 रुपये भरले त्या दिवशी मर्चंट बँकरने समभागाचे मूल्य 200 रुपये ठरवले असेल, तर फरकाचे 15,000 रुपये पगारात धरून कर कापला जातो, आणि खासगी कंपनीचे समभाग विकायला बाजार नसतो. म्हणून नोकरी सोडल्यावर वेस्ट झालेले पर्याय किती दिवसांत वापरायचे आणि समभाग कंपनी परत घेणार का, हे योजनेच्या मसुद्यात शोधा.