'प्रमाण' म्हणजे नक्की कुठलं प्रमाण?

प्रश्न: नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. आमच्या नोट्समध्ये इन्सिडन्स आणि प्रीव्हॅलन्स दोन्हींपुढे 'प्रमाण' असंच लिहिलंय. मराठीत वेगळे शब्द आहेत का? आणि प्रतिबंधाच्या तीन पातळ्यांचा यांच्याशी काय संबंध?

इन्सिडन्सला 'नवीन रुग्ण दर' म्हणा आणि प्रीव्हॅलन्सला 'एकूण रुग्ण प्रमाण'. वर्तमानपत्रं दोन्हींसाठी सर्रास 'प्रादुर्भाव' वापरतात, तो शब्द इथे टाळलेला बरा. पहिल्यात ठरावीक काळात किती जण नव्याने आजारी पडले ते मोजायचं, दुसऱ्यात एखाद्या दिवशी किती जण आजारी आहेत ते.

हा फरक कुष्ठरोगात जितका लख्ख दिसतो तितका क्वचितच दुसरीकडे. हिशेबासाठी दोन लाख वस्तीचा एक काल्पनिक तालुका घेऊ. तिथे दरवर्षी 24 नवे रुग्ण सापडतात, म्हणजे लाखामागे 12. प्रत्येकाचा उपचार दोन वर्षं चालत असेल, तर कुठल्याही दिवशी रजिस्टरवर साधारण 48 नावं असतील, म्हणजे दहा हजारांमागे 2.4. आता उपचार कमी काळाचा झाला. निम्म्या रुग्णांना सहा महिने पुरतात, उरलेल्यांना बारा. मग रजिस्टरवर 6 अधिक 12 अशी 18 नावं राहतील आणि प्रमाण 0.9 वर येईल. नवा रुग्ण मात्र एकही कमी झालेला नाही! नवीन रुग्णांचा दर गुणिले आजाराचा सरासरी काळ म्हणजे एकूण रुग्ण प्रमाण, हे सूत्र इथून येतं. दर आणि काळ फारसे बदलत नसतील तेव्हाच ते लागू पडतं.

आकडे मी मुद्दाम असे निवडलेत. कुष्ठरोग 'दूर झाला' असं म्हणायला ठरवलेली रेषा होती दहा हजारांमागे एकापेक्षा कमी, आणि ती एकूण रुग्ण प्रमाणावर आखलेली होती. भारताने ती डिसेंबर 2005 मध्ये ओलांडली. पूर्वी डॅप्सोन वर्षानुवर्षं घ्यावं लागे. बहुविध औषधोपचार, म्हणजे एमडीटी, आल्यावर उपचाराचा काळ आटला आणि रजिस्टरं झपाट्याने रिकामी झाली. त्यानंतरही कित्येक वर्षं देशात दरवर्षी लाखाच्या वर नवे रुग्ण सापडत राहिले. यात लबाडी नव्हती, पण 'दूर झाला' ऐकणाऱ्याला वाटतं तसा तो दूर झालेला नव्हता.

आणखी एक मेख आहे. कुष्ठरोगात जंतू शिरल्यापासून चट्टा दिसेपर्यंत बहुधा काही वर्षं जातात. त्यामुळे आपण मोजतो तो 'सापडलेल्यांचा' दर. घरोघरी शोधमोहीम काढली की तो वाढतो, आशाताई दुसऱ्या कामाला जुंपल्या की घटतो. मग घट खरी की शोध थंडावला, हे कसं ओळखायचं? नव्या रुग्णांत डोळ्यांना दिसणारी विकृती घेऊनच आलेले किती, ते पाहायचं. संख्या कमी आणि त्यात विकृतीचा वाटा वाढलेला, तर रुग्ण उशिरा सापडताहेत असं समजा. नव्यांत लहान मुलं असली तर आसपास संसर्ग अजून चालू आहे.

आता तीन पातळ्या. प्राथमिक प्रतिबंध आजार होण्याआधीचा: रुग्णाच्या घरच्यांना आणि शेजाऱ्यांना, तपासून त्यांच्यात कुष्ठरोग किंवा क्षयाची लक्षणं नाहीत याची खात्री करून, रिफाम्पिसिनचा एकच डोस देतात. बांगलादेशातल्या एका मोठ्या अभ्यासात त्याने पहिल्या दोन वर्षांत धोका निम्म्याहून कमी झाला होता. याचा परिणाम नवीन रुग्ण दरावर होतो. (नावावरून फसू नका, प्राथमिक आरोग्य केंद्र तिन्ही पातळ्यांचं काम करतं.)

द्वितीय पातळी म्हणजे बधिर, फिकट किंवा लालसर चट्टा लवकर ओळखून एमडीटी सुरू करणं. त्याने आजाराचा काळ घटतो, म्हणून एकूण प्रमाण उतरतं. हाच उपचार रुग्णापासून पुढे होणारा संसर्गही थांबवतो. म्हणजे रुग्णासाठी जे द्वितीय, तेच त्याच्या नातवासाठी प्राथमिक. परीक्षेत उत्तर लिहिताना 'कोणासाठी' हे आधी ठरवा.

तृतीय पातळी नसा आधीच निकामी झालेल्यांसाठी. बधिर पायाला खडा टोचलेला कळत नाही, जखम चिघळते. म्हणून मऊ एमसीआर रबराची चप्पल, रोज पाय पाण्यात भिजवून तेल लावणं, तळवे निरखणं, वाकड्या बोटांवर शस्त्रक्रिया. याने दोन्हींपैकी कुठलाच आकडा हलत नाही. एमडीटी पूर्ण झाली की नाव रजिस्टरवरून निघतं. ज्याला जन्मभर ती चप्पल लागणार आहे, तो एकूण रुग्ण प्रमाणात मोजलाच जात नाही. तालुक्याला चपलांचे किती जोड लागतील हे काढायचं असेल, तर विकृती असलेल्यांची यादी वेगळी ठेवावी लागते.